दोनाचे चार की दोनाची चार?

सायली_प
घरातली पहिली गाडी परवा मिळतेय. आजवर सगळा संसार दुचाकीवर. गाडी घेतानाचा सगळ्यांचा फोटो टाकायचाय, त्याखाली एक ओळ हवी: आईबाबांचे उपकार मानणारी, तोरा नसलेली, थोडी गमतीची. भावाने सुचवलं, "दोनाचे चार झाले! आईबाबांची पुण्याई." घरच्या ग्रुपवर दाखवलं तर मावशीचा लगेच प्रश्न, "मुलगी कुठली?" भाऊ म्हणतो, गंमत तीच आहे. मला ओळीतच काहीतरी खटकतंय, पण बोट ठेवता येत नाही.

बोरूबहाद्दर
खटकतंय ते लिंग. 'दोनाचे चार' म्हटलं की पुढचा न बोललेला शब्द 'हात'. हात पुल्लिंगी, म्हणून 'चे' आणि 'झाले'. तुम्हाला मोजायचीत चाकं. ती नपुंसकलिंगी, आणि अनेकवचनात 'ची': गाडीचं चाक, पण गाडीची चाकं. 'दोनाची चार झाली' लिहा. दोन वेलांट्यांत लग्न मोडतं.

नाना_के
चाक नपुंसकलिंगी म्हणताय ना? मग 'चे'च हवं. 'सायकलचे चाक' म्हणतो आपण, 'सायकलची चाक' नाही.

बोरूबहाद्दर
एकच असेल तर, नाना. 'सायकलचे चाके' मोठ्याने म्हणून बघा.

नाना_के
लेखी भाषेत म्हणतही असतील कोणी. असो.

मंजिरी
व्याकरण मान्य, पण मग कोटी कुठे राहिली? 'दोनाची चार झाली' वाचून वाक्प्रचार कानात वाजतच नाही, नुसता हिशोब वाटतो. मधला मार्ग: "दोनाची चार... चाकं झाली!" तीन टिंबांपर्यंत मावशी मुलगी शोधेल, 'चाकं'ला सापडेल गाडी.

अभय_डी
आमचा अनुभव सांगतो. पहिल्या गाडीच्या फोटोखाली मी लिहिलं होतं, "चाकं आमची, बाकीची बँकेची." मित्र हसले. वडील मात्र कितीतरी दिवस घुश्शात. कर्ज काय चारचौघांत सांगायची गोष्ट आहे का! नम्रपणा करताना घरच्यांना कमीपणा येणार नाही एवढं बघा.

बोरूबहाद्दर
नम्रपणा खरं तर क्रियापदात असतो. 'आम्ही गाडी घेतली' म्हटलं की कर्ते तुम्ही, पाकीट तुमचं. 'आमच्याकडे गाडी आली' म्हटलं की कर्ती गाडी, तुम्ही नुसते दारात उभे. तीच बातमी, पण फुशारकी गळून पडते. 'एकदाची आली' म्हणालात तर वाट पाहून थकल्याचा गोड वैतागही येतो. फक्त 'अखेर आली' नको, त्यात कुणाशी तरी भांडून मिळवल्यासारखं वाटतं.

सायली_प
'एकदाची' छान आहे. आणि 'पुण्याई'?

मंजिरी
मला 'पुण्याई' ऐकलं की गेलेली माणसं आठवतात. फोटोत बाबा हसत उभे असतील तर 'आईबाबांमुळे' एवढं साधं पुरे.

नाना_के
काहीतरीच. हयात माणसांचीही पुण्याई असते. आमच्याकडे सर्रास म्हणतात.

शुद्धमराठी
मुख्य मुद्दा राहिलाच. सगळे 'डिलिव्हरी' लिहितात, तो शब्द बाळंतपणासाठी घरोघरी रुळलेला. कुणी 'डिलिव्हरी झाली' एवढंच लिहिलं तर मावशी बारशाची तारीख विचारतील. सरळ 'गाडीचा ताबा मिळाला' लिहावं.

अभय_डी
ताबा? बातम्यांत गाडीवरचा ताबा नेहमी सुटलेला असतो. आणि 'ताबा घेतला' म्हटलं की हप्ते थकल्यावर बँकेची माणसं येतात तसं वाटतं. त्यापेक्षा 'गाडी हातात आली' बरं.

शुद्धमराठी
मग 'कार'लाही मोटार म्हणा.

मंजिरी
'मोटार' कुठून आला असं वाटतं तुम्हाला? :)

सायली_प
सध्या इथवर आलेय: "दोनाची चार... चाकं झाली! आमची पहिलीवहिली गाडी एकदाची आली, आईबाबांमुळे." लांब झालं का?

नाना_के
लांब नाही, उत्तम. 'वहिली' तर चपखलच. वाहन, वाहणे, वहिली, सगळं एकाच मुळातलं.

बोरूबहाद्दर
नाना, मग 'पहिलावहिला पाऊस' कुठलं वाहन? जुन्या मराठीत 'वहिला' म्हणजे लवकर, झटपट.

नाना_के
पाऊसही वाहतोच की.

शुद्धमराठी
याला वेगळा धागा काढा. आणि 'एकदाची' आणखी कशाला, 'पहिलीवहिली' आहे ना?

मंजिरी
ते दोन्ही वेगळं सांगतात! एक क्रम सांगतो, दुसरा वाट बघणं. काढायचंच तर 'वहिली' काढा.

नाना_के
'वहिली' काढायची नाही.