प्रति: प्रबंधाचे लेख करताना

> सहा प्रकरणं आहेत, म्हणजे विभागाच्या संकेतस्थळावर सहा लेख होतील ना? विषय भाट्ये खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातले जीव.

प्रकरणांप्रमाणे कापू नका. संदर्भ-आढावा आणि कार्यपद्धती यांचे स्वतंत्र लेख कुणी वाचत नाही. निष्कर्षांच्या एकाच प्रकरणातून मात्र तीन-चार निघतील. एक लेख, एक प्रश्न.

उदाहरणार्थ, 'पावसाळ्यात तिसऱ्यांचं काय होतं?' सुरुवात थेट उत्तराने: काजळी नदीला पूर आला की खाडीचं पाणी गोडं होतं आणि तिसरी शिंपले मिटून घेते. मिटलेली असेपर्यंत तिला खाता येत नाही. मग क्षारता कशी मोजली ते एका वाक्यात, नि तुमचा एकच आलेख: आडवे महिने, उभी क्षारता, समुद्राच्या पाण्याची साधारण 35 ही पातळी रेघ मारून दाखवलेली. प्रबंधातली आकृती जशीच्या तशी चिकटवली तर मोबाईलवर अक्षरं दिसत नाहीत, नवी काढा.

लेख झाला की त्यात 'वरील', 'मागील प्रकरणात', 'आकृती 4' शोधा. सापडलं, तर तिथे लेख अजून प्रबंधाला टेकलेला आहे. ती माहिती तिथेच अर्ध्या वाक्यात सांगा.

घोटाळा होतो तो भलतीकडेच. प्रबंधात 'क्षारता आणि वाढ यांत सहसंबंध आढळला' असतं, लेखात त्याचं 'क्षारतेमुळे वाढ खुंटली' होतं. प्रयोग नसेल, फक्त खाडीतली निरीक्षणं असतील, तर 'मुळे' काढा. मार्गदर्शक नेमकं तेच पकडतात. आणि निबंध नियतकालिकाकडे गेला असेल तर आलेख टाकण्याआधी त्यांचे नियम बघा.