नव्या सभासदाला ग्रुपवरचे जुने मेसेज दिसायला हवेत की नकोत?

वर्धारोड_४०३ (धागा)
आमच्या मनीषनगरच्या स्कीमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला ३ एप्रिलला घेतलं. ६४ फ्लॅट आहेत. त्याआधीचं एक अक्षर मला दिसत नाही. पण ५ तारखेला सचिवांनी २८ मार्चच्या स्वतःच्याच मेसेजला रिप्लाय केला आणि त्यात "टँकरचे फ्लॅटमागे ८५० ठरले" हे दिसलं. त्यावर बोट दाबलं तर कुठेच जात नाही. म्हणजे मेसेज आहे, पण मला दाखवत नाहीत. अ‍ॅडमिनने बंद करून ठेवलंय का? माझं मत स्पष्ट आहे, पैसे मी भरणार तर मागचं मला दिसलंच पाहिजे. तुमचं म्हणणं काय?

संत्राबर्फी
अ‍ॅडमिनवर घसरू नका भाऊ, मागचं लपवायचं बटण त्यांच्याकडे नाहीच. तुम्ही पाहिला तो मूळ मेसेज नव्हे. रिप्लाय करताना सचिवांच्या फोनने २८ मार्चचा मजकूर उचलून नव्या मेसेजच्या पोटात ठेवला आणि दोन्ही सोबत पाठवले. ५ तारखेला तुम्ही ग्रुपमध्ये होता, म्हणून तो तुकडाही तुमच्यापर्यंत आला. त्यावर बोट दाबलं की अ‍ॅप मूळ मेसेज तुमच्याच फोनमध्ये शोधतं, आणि तिथे तो कधी उतरलेलाच नाही. शेजाऱ्याच्या फोनवर तेच दाबून बघा, त्यांची चॅट सरकन वर २८ मार्चला जाईल.

तर्रीपोहा
काहून नाही दिसणार बे? सर्व्हरवर मेसेज ३० दिवस राहतो, हे कंपनीच सांगते. २८ मार्च ते ३ एप्रिल म्हणजे सहा दिवस. सर्व्हरवर पडलेलाच असेल, फक्त देत नाहीत.

संत्राबर्फी
३० दिवसांचं खरं आहे, पण कोणासाठी ते बघा. एखाद्याचा फोन बंद असेल तर *त्याच्या नावाचा* मेसेज सर्व्हरवर जास्तीत जास्त ३० दिवस थांबतो आणि पोचला की काढून टाकतात. पत्ते मेसेज पाठवताना ठरतात, त्या क्षणी ग्रुपमध्ये जे असतील तेवढेच. २८ मार्चच्या मेसेजवर ४०३ नंबरचा पत्ताच नव्हता, मग त्यांच्यासाठी काय थांबणार?

आणि समजा थांबला असता, तरी उघडला नसता. ग्रुपमधल्या प्रत्येकाचा फोन त्या ग्रुपसाठी स्वतःची एक किल्ली बनवतो आणि ती बाकी प्रत्येकाच्या फोनला वेगवेगळी, कुलूपबंद करून देतो. प्रत्येक मेसेजनंतर ही किल्ली एक पाऊल पुढे सरकते. आजच्या किल्लीवरून उद्याची काढता येते, पण उद्याचीवरून आजची काढता येत नाही, गणितच तसं एका बाजूचं आहे. ३ एप्रिलनंतर सचिवांनी पहिला मेसेज टाकला तेव्हा त्यांच्या फोनने ४०३ ला किल्ली दिली ती त्या वेळच्या पावलावरची. तिथून पुढचं सगळं उघडतं, मागचं एकही नाही. कोणी ग्रुप सोडला की उलटं होतं. उरलेले सगळे जुन्या किल्ल्या टाकून नव्या बनवतात, म्हणजे गेलेल्याला पुढचं वाचता येऊ नये.

काकू_त्रिमूर्तीनगर
हो ना, माझ्याही नव्या फोनवर भिशीच्या ग्रुपचं मागचं सगळं गेलं. मी तर पहिल्यापासून आहे त्यात! मलाही किल्ली दिली नाही का त्यांनी?

संत्राबर्फी
काकू, तुमचं प्रकरण वेगळं आहे. तुम्हाला ते मेसेज आलेच होते, पण ते जुन्या फोनमध्ये राहिले. नव्या फोनवर नंबर टाकून सुरू करताना बॅकअप परत आणायचं विचारतं, तिथे घाईत पुढे गेलं की इतिहास येत नाही. बॅकअप असेल तर अ‍ॅप काढून पुन्हा टाका, नंबर तोच ठेवा, आणि यावेळी त्या पडद्यावर थांबा. पण आधी एक बघा, नव्या फोनने रात्री आपला नवा बॅकअप घेतला असेल तर जुना पुसला गेला असू शकतो. जुना फोन अजून चालू असेल तर त्यावरून थेट चॅट हलवणं बरं.

झिरोमाईल
एवढी भानगडच कशाला? टेलिग्रामवर या. तिथे ग्रुपचे मेसेज कंपनीच्या सर्व्हरवर असतात, म्हणून आज आलेल्यालाही पहिल्या दिवसापासूनचं दिसतं. ग्रुपच्या नावावर दाबा, मग पेन्सिल, मग `Chat history for new members`, आणि ते `Visible` करा. काम संपलं. स्कीमचा ग्रुप म्हणजे रेकॉर्ड आहे. लिफ्टचं कंत्राट कोणाला दिलं, पेंटिंगचे किती ठरले, हे नव्या माणसाने दारोदार विचारत फिरायचं का?

संत्राबर्फी
सोय खरीच चांगली आहे. फक्त किंमत सांगून टाका. टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये दोन टोकांमधलं कुलूप नसतं, ते फक्त दोघांच्या सीक्रेट चॅटला आहे. सर्व्हर मेसेज उघडू शकतो, म्हणूनच नव्या माणसाला दाखवू शकतो. आणि ते `Hidden` ठेवलं तरी छोट्या साध्या ग्रुपमध्ये नव्याला मागचे १०० पर्यंत मेसेज दिसतात. हे अ‍ॅडमिनने वाचून घ्यावं, नाहीतर काल रात्रीचं भांडण आज आलेला भाडेकरू वाचतो.

नियमावली
मी पूर्ण विरोधात. ज्यांनी लिहिलं त्यांनी तेव्हाच्या लोकांसमोर लिहिलं होतं. कोणी लिहिलं की आईचं ऑपरेशन आहे, दोन महिने मेंटेनन्स उशिरा देतो. हे नंतर फ्लॅट घेणाऱ्याने का वाचावं? आणि "रेकॉर्ड" म्हणता, तर रेकॉर्डची जागा ग्रुप नव्हे. सहकारी सोसायटी असेल तर १९६० च्या सहकारी संस्था कायद्याप्रमाणे सभासदाला सर्वसाधारण सभेचं आणि समितीचं इतिवृत्त कार्यालयात जाऊन फुकट पाहता येतं. ८५० तिथे लिहिलेले नसतील तर तुमचं भांडण अ‍ॅपशी नाही, सचिवांशी आहे.

झिरोमाईल
ना बाप्पा! नागपुरातल्या कितीतरी स्कीम सोसायटी नाहीतच, अपार्टमेंट कायद्यातल्या आहेत. तिथे हा सहकारी कायदा घेऊन कुठे जाणार? आणि टँकरचा निर्णय रात्री साडेनऊला ग्रुपवरच झाला असेल, तर वहीत काय सापडणार?

नियमावली
मग वहीत लिहायची सवय लावा. ऑपरेशनवाल्याचा मेसेज उघडा करून ती लागणार नाही.

तर्रीपोहा
अरे पण व्हॉट्सअ‍ॅपनेही आता दिलंय ना मागचं दाखवायचं? मग ते गणित एका बाजूचं कसं काय राहिलं?

संत्राबर्फी
गणित तसंच आहे. २०२६ च्या फेब्रुवारीत जी सोय जाहीर झाली, तिच्यात सर्व्हर काही देत नाही. नव्या माणसाला ग्रुपमध्ये घेताना जुना सभासद आपल्या फोनमधले अलीकडचे २५ ते १०० मेसेज निवडतो आणि त्याचा फोन ते नव्याने कुलूप लावून नव्याला पाठवतो. पाठवल्याचं ग्रुपमध्ये सगळ्यांना कळतं, आणि सभासदांसाठी ही सोय अ‍ॅडमिनला बंद करता येते.

आता ४०३ चंच धरा. ६४ फ्लॅटच्या ग्रुपवर सकाळचे फुलांचे फोटो, पाणी आलं का, पाणी गेलं का, गाडी कोणाची, एवढ्यात दिवसाला ५० मेसेज सहज होतात. ३ एप्रिलला कोणी पूर्ण १०० दिले असते तरी मागे १ तारखेपर्यंतच पोचले असते. २८ मार्चचा टँकर तेव्हाही बाहेरच राहिला असता.

नियमावली
आणि निवडणारा एक, लिहिणारे साठ. मी लिहिलेलं दुसऱ्याने पुढे द्यायचं तर मला आधी विचारायला नको? नंतर कळून काय उपयोग?

झिरोमाईल
फॉरवर्ड करताना कोण विचारतं? स्क्रीनशॉट काढताना कोण विचारतं? इथे निदान सगळ्यांना कळतं तरी. हे तर जास्त सभ्य झालं.

वर्धारोड_४०३
बरं, लपवत नाहीत हे पटलं. पण मला २८ मार्चची पूर्ण चर्चा हवी आहे. कोणाकडून आणि कशी घेऊ? मेसेज पिन करायला सांगू का?

संत्राबर्फी
पिनने काम होणार नाही. जुना मेसेज पिन केला तरी तुमच्या फोनमध्ये तो नाहीच, त्यामुळे नंतर आलेल्याला जुनी पिन दिसत नाही. मतदानही तसंच, २८ मार्चला पोल टाकला असेल तर तो तुम्हाला दिसणारही नाही आणि त्यात मतही देता येणार नाही. पोल पुन्हा टाकावा लागेल.

दोन रस्ते आहेत. हवे तेवढेच मेसेज हवे असतील तर जुन्या सभासदाने २८ मार्चच्या पहिल्या मेसेजवर दाबून धरावं, बाकीचे निवडावेत आणि तुम्हाला खाजगीत फॉरवर्ड करावेत. फॉरवर्डमध्ये कोणी लिहिलं आणि किती वाजता, हे गळून जातं. कोण काय म्हणालं हेच महत्त्वाचं असेल तर दुसरा रस्ता. अँड्रॉइडवर चॅटमध्ये वरचे तीन ठिपके, `More`, `Export chat`, मग `Without media`. साधी मजकुराची फाइल तयार होते. त्यातल्या हव्या तेवढ्याच ओळी ठेवून, बाकी पुसून मग पाठवायची.

पण पाठवणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. फाइलमध्ये माणसांची नावं *त्याच्या* फोनमध्ये सेव्ह असतील तशीच उतरतात. म्हणजे असं काहीतरी:

```
28/03/26, 9:14 pm - किरकिऱ्या पार्किंगवाला: दर जास्त आहे, दुसरा टँकर बघा
28/03/26, 9:20 pm - सचिव नवे: फ्लॅटमागे 850 ठरले
```

ज्यांचा नंबर सेव्ह नाही त्यांचा उघडा नंबर येतो. तेव्हा पाठवण्याआधी नावं बदला, नंबर काढा.

काकू_त्रिमूर्तीनगर
अगं बाई! मी आमच्या भिशीतल्या बायकांची नावं काय काय ठेवली आहेत ते मलाच माहीत. मी नाही कोणाला काढून देणार.

तर्रीपोहा
आमच्या ग्रुपवर ते `Export chat` दाबलं तर होतच नाही. फोन जुना आहे म्हणून का?

संत्राबर्फी
फोन नाही. ग्रुपच्या माहितीत `Advanced chat privacy` चालू आहे का बघा. ते चालू असलं की चॅट बाहेर काढता येत नाही. तिथे फॉरवर्ड हाच रस्ता उरतो.

झिरोमाईल
सोपं सांगतो. ठरलेलं तेवढं ग्रुपच्या डिस्क्रिप्शनमध्ये टाका. ते नव्यालाही दिसतं. टँकर ८५०, लिफ्टवाल्याचा नंबर, पार्किंगचा नियम, संपलं.

नियमावली
२०४८ अक्षरांत स्कीमचा कारभार बसवणार? पण तेवढ्यापुरतं मान्य. तिथे ऑपरेशनचं कोणी लिहीत नाही.

वर्धारोड_४०३
सचिवांना मेसेज केला आहे. ते म्हणतात दर समितीने ठरवला, ग्रुपवर फक्त कळवला. मग २८ मार्चला तुमच्या नमुन्यातल्यासारखं "दुसरा टँकर बघा" असं कोणी खरंच लिहिलं होतं का, ते शेजाऱ्याच्या फोनवरच बघावं लागेल.