मदत हवी आहे : दंडावर कायमचा काटा, घासून घासून आता डाग पडलेत

निळी शाई
वय २६. सातवीत असल्यापासून दोन्ही दंडांच्या बाहेरच्या बाजूला आणि थोडा मांड्यांवर बारीक बारीक काटा आहे. थंडी वाजल्यावर येतो तसाच, फक्त मावळत नाही. खाजत नाही, दुखत नाही, पण हात फिरवला की किसणीवरून फिरवल्यासारखा लागतो. छिद्रांत मळ अडकला असेल असं वाटून दोन महिने रोज वज्रीने घासलं. घासल्यावर तासभर गुळगुळीत लागतं, आठवड्याभरात परत होतं तसं. आता तर प्रत्येक ठिपक्याच्या जागी तपकिरी डाग पडलाय. एक ठिपका नखाने कोरला तर पांढरा कण निघाला, आणि त्याच्याखाली स्प्रिंगसारखा गुंडाळलेला केस! आईच्या दंडांवरही हेच होतं, आता तिचं बरंच कमी आहे. हे नक्की काय आहे? आतल्या कुठल्या आजाराची खूण तर नाही ना?

आडवाट
अगदी हेच मला मांडीवर झालं होतं! लाल पुटकुळ्या, टोकाला पू, बसताना ठणकायच्या. डॉक्टरांनी अँटिबायोटिक मलम दिलं, आठ दिवसांत साफ. तेच आणून लावा.

बोरूबहाद्दर
अ जीवनसत्त्व कमी पडलं की त्वचा अशी होते, आमच्या जुन्या आरोग्यपुस्तकात चित्रासकट होतं. कॅप्सूल सुरू करा, महिन्यात फरक दिसेल.

काजवा
त्वचारोगांच्या दवाखान्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

निळी शाई, तुमच्या वर्णनात सगळं आलंय : दंडांची बाहेरची बाजू, लहानपणापासून, आईलाही, खाज नाही, पू नाही. याला केराटोसिस पिलॅरिस म्हणतात. नाव भारदस्त, प्रकरण साधं. त्वचेचा सगळ्यात वरचा थर ज्या केराटिनचा बनतो, तेच केराटिन केसाच्या छिद्राच्या तोंडाशी जास्त साठून बूच बसतं. कोरल्यावर निघालेला पांढरा कण म्हणजे ते बूच. तो मळ नाही, त्यामुळे धुऊन जाणार नाही. वज्रीने बुचाचं वर आलेलं टोक तासलं जातं, म्हणून तासभर गुळगुळीत. पण बूच तयार करणारी त्वचा खाली तशीच आहे, आणि ती घासल्यामुळे चिडते. चिडलेली त्वचा आणखी जाड होते आणि मागे रंग सोडून जाते. सावळ्या कातडीवर तो रंग महिनोन्महिने राहतो. थोडक्यात, काटा तुमचा घराण्यातला, पण डाग वज्रीचे.

आतल्या आजाराबद्दल : हा सगळा कारभार छिद्राच्या तोंडाशीच चालतो. खोल जात नाही, पुढे त्याचा कॅन्सर होत नाही, एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. यकृत बिघडलंय किंवा रक्त खराब आहे असाही त्याचा अर्थ नाही. कोरड्या त्वचेच्या आणि एक्झिमाच्या घराण्यांत जास्त दिसतो, इतकंच.

आडवाट, तुम्हाला झालं ते वेगळं, केसतोडीच्या जातीचं. पू, ठणका, थोड्या दिवसांत अचानक येणं ही जंतूंची लक्षणं. इथे जंतूच नाहीत, मलम मारणार कोणाला?

बोरूबहाद्दर, तुमचं पुस्तक खोटं नाही. कुपोषणात बेडकाच्या पाठीसारखी त्वचा होते खरी. पण ते काटे मोठे आणि राठ असतात, मुख्यतः कोपर-गुडघ्यांवर, आणि माणूस एरवीही खंगलेला दिसतो. अ जीवनसत्त्वच कमी असेल तर संध्याकाळी दिसायला त्रास होतो. चौदा वर्षं फक्त दंडावर काटा, बाकी प्रकृती ठणठणीत, हे त्यात बसत नाही. आणि ते जीवनसत्त्व जास्त झालं तर लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठतं. गरोदरपणात तर जादा मात्रा बाळाला धोक्याची. आपल्या मनाने कॅप्सूल नकोत.

बोरूबहाद्दर
यकृतात साठतं हे माहीत नव्हतं. कॅप्सूलचा सल्ला मागे घेतो.

निळी शाई
वज्री टाकून दिली. पण मग त्या गुंडाळलेल्या केसाचं काय? आणि लावायचं काय?

काजवा
केसाचा प्रश्न मार्मिक आहे. नेहमीचं स्पष्टीकरण असं, की बूच बसलं म्हणून केसाला बाहेर यायला वाट नाही, तो आतच गुंडाळतो. काही त्वचातज्ज्ञ उलटं म्हणतात : केसच मुळात वेटोळा, तो छिद्राच्या भिंतीला टोचतो आणि त्यामुळे पुढचं सगळं होतं. यावर एकमत नाही. तुम्ही मात्र ते केस कोरून काढू नका, प्रत्येक कोरण्याचा एक डाग.

लावायचं म्हणाल तर आधी दोन आठवडे फक्त साधं, बिनवासाचं मॉइश्चरायझर, अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच. घासून सोललेल्या त्वचेवर औषधी क्रीम चरचरतं आणि माणूस दुसऱ्या दिवशी सोडून देतो, म्हणून ही वाट बघणं. मग १० टक्के युरियाचं क्रीम, रात्री एकदा, आणि आधी फक्त एका दंडाला. दुसऱ्याला साधंच चालू ठेवा. सहा आठवड्यांनी डोळे मिटून दोन्हींवर हात फिरवा. आरशात बघू नका, डाग फसवतात. उजेडातला फरक उशिरा येतो, बोटांना आधी कळतो.

पाऊलवाट
मी युरिया वापरून बघितलं. सुंदर गुळगुळीत झालं, मग बरं झालं म्हणून बंद केलं आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. त्यानंतर काहीच केलं नाही, तरी तिशीनंतर आपोआप बरंच ओसरलं. सख्ख्या भावाचं चाळिशीतही तसंच आहे. बायको लेझरने केस काढून घे म्हणते, त्याने जातं का?

काजवा
बंद केलं की परत येणारच. क्रीम बूच मऊ करतं, छिद्राची सवय बदलत नाही. वयाबरोबर पुष्कळांचं कमी होतं, सगळ्यांचं नाही. लेझरने काहींची लाली आणि खरखर कमी होते, पण खात्री देता येत नाही, आणि सावळ्या त्वचेवर अननुभवी हाताने केलं तर नवे डाग. निव्वळ काट्यासाठी मी तरी सुचवणार नाही.

आडवाट
माझ्या पाच वर्षांच्या मुलीच्या गालांवर असाच बारीक लालसर काटा आहे. या वयात मुरमं?

काजवा
त्या वयात मुरमं सहसा नसतात, हाच काटा गालांवरही येतो. तिचे दंड बघा, तिथेही असेल तर बहुधा तेच. पण लहान मुलांच्या चेहऱ्याला आम्लाची क्रीमं लावू नका. साधं मॉइश्चरायझर लावा आणि एकदा प्रत्यक्ष दाखवून घ्या. भुवयांवर लाली असेल किंवा तिथले केस विरळ होत असतील तर लवकर, कारण तो प्रकार वेगळा आणि केस परत येत नाहीत.

आडवाट
दंडावर आहे, आत्ताच हात फिरवून बघितला. भुवया दाट आहेत. हुश्श.

निळी शाई
दोन महिन्यांनी लिहितेय. डावा दंड युरियाचा, उजवा साधा. डोळे मिटून डावा लगेच ओळखता येतो, पण उजवाही पूर्वीपेक्षा बरा आहे, म्हणजे अर्धा फरक वज्री सोडल्याचाच दिसतो. डाग दोन्हीकडे जवळजवळ तसेच. आईला सांगितलं तर म्हणाली, मी काहीच केलं नव्हतं, तुझ्या आजीने घासायची दगडी लपवून ठेवली होती.