मदत हवी आहे: गॉसचं टेस्ला केलं, तरी दोन पद्धतींत दहापट फरक

गणित असं आहे: ५० सेंमी लांबीची तार, ४ अँपिअर विद्युतधारा, तारेला लंब ३०० गॉसचं चुंबकीय क्षेत्र. तारेवरचं बल काढायचं आहे.

१ टेस्ला म्हणजे १०,००० गॉस, म्हणून ३०० गॉस = ०.०३ टेस्ला. F = BIL मध्ये लांबी ०.५ मीटर घेतली की ०.०६ न्यूटन येतं. पुस्तकातलं उत्तरही हेच आहे.

पडताळा म्हणून सगळं सीजीएसमध्ये केलं: ३०० × ४ × ५० = ६०,००० डाइन, म्हणजे ०.६ न्यूटन! लांबी आणि डाइनचं रूपांतर दोनदा तपासलंय, कोनाचा प्रश्न नाही. गॉससोबत अँपिअर तसाच ठेवला, एवढीच शंका उरते. सीजीएसमध्ये विद्युतधारेचंही एकक बदलावं लागतं का, आणि हा दहाचा फरक तिथूनच येतो का?