मेलबॉक्स भरला, मेल बंद पडली: तुमचे अनुभव लिहा

मागच्या महिन्यात बाबांची मेल अचानक थंडावली. ते निवृत्त शिक्षक, सांगलीला असतात. बँक म्हणे, "केवायसीची मेल दोनदा पाठवलीय", आणि इनबॉक्समध्ये काहीच नाही. मी इकडून साधं "चाचणी" लिहून पाठवलं, तर अर्ध्या मिनिटात परत आलं: `552 5.2.2 The email account that you tried to reach is over quota`. तोवर बाबांना वाटत होतं की नेट स्लो आहे. तुमच्याकडे असं झालं तेव्हा काय केलंत, ते सविस्तर लिहा. बाबांनी दोन दिवस बसून तीन हजार मेल उडवल्या आणि आकडा जागचा हलला नाही, तेव्हा नुसतं "मेल डिलीट करा" सांगू नका.

पिंपळपान: आमच्याकडेही हेच. फोनच्या सेटिंगमधून कॅशे साफ केली, मोठं मेमरी कार्ड टाकलं. मस्त चालतोय.

धागाकर्ता: काका, ती फोनमधली जागा. इथे गुगलकडची १५ जीबी भरलीय.

सर्व्हरवाला: तीन हजार मेल म्हणजे बहुतेक नुसता मजकूर, सगळ्या मिळून शंभर एमबीही नसतील. शिवाय बिन रिकामी केली का? तिथे मेल तीस दिवस पडून राहते आणि तोवर जागा खाते. ती १५ जीबी मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांची मिळून आहे, म्हणून आधी `one.google.com/storage` उघडून कोणी किती खाल्लंय ते बघा.

धागाकर्ता: बघितलं. एकूण १५.२ जीबी: फोटो ८.९, व्हॉट्सअॅपचा बॅकअप ४.४, मेल १.६, ड्राइव्ह ०.३. म्हणजे बाबा दोन दिवस चुकीच्या खोलीत झाडू मारत होते!

सर्व्हरवाला: तरी सुरुवात मेलपासूनच करा, कारण मर्यादेच्या खाली यायला थोडंच पुरतं. शोधपट्टीत हे टाका:

```
has:attachment larger:10M
```

जे येईल त्यातलं हवं ते उतरवून घ्या, बाकीचं उडवा, बिन रिकामी करा. मग व्हॉट्सअॅपच्या बॅकअप सेटिंगमध्ये व्हिडिओ वगळा, ड्राइव्हमधला जुना बॅकअप काढा आणि लगेच नवीन घ्या. क्रम महत्त्वाचा आहे. व्हिडिओ चालू राहिले तर पुढच्या बॅकअपला पुन्हा तेवढंच भरतं.

मोगरा: फोटो उडवताना सांभाळून हं. मी जागा करायला गुगल फोटोमधून भाचीच्या बारशाचे फोटो काढले, ते फोनमधूनही गेले. मला वाटलं, एक प्रत वरची आणि एक खालची. नशीब, दोन महिन्यांच्या आत लक्षात आलं आणि ट्रॅशमध्ये सापडले.

निवांत: एवढं घाबरायचं कारण नाही. खातं दोन वर्षांतून एकदा उघडलं की बंद होत नाही.

सर्व्हरवाला: अर्धं बरोबर. तो नियम न वापरलेल्या खात्यांचा. मर्यादा ओलांडलेल्या खात्याचं वेगळं आहे: रोज लॉगिन करत असाल तरी सलग दोन वर्षं मर्यादेच्या वर राहिलात तर मेल, फोटो, फाइली काढून टाकल्या जाऊ शकतात. आधी सूचना येतात, पण त्या वाचणारं कोणी हवं.

जुनी_वही: माझं कॉलेजच्या खात्याचं प्रकरण. पास होऊन सात वर्षं झाली, खात्यात प्रबंधाचे सगळे मसुदे. मर्यादा कमी केली, अमुक तारखेपर्यंत जागा करा, असं पत्र आलं. तिथे पैसे भरून जागा वाढवायची सोयच नाही, मर्यादा ॲडमिनच्या हातात. गुगल टेकआउटने सगळ्या मेलची एकच एमबॉक्स फाइल उतरवली आणि थंडरबर्ड या मेलच्या प्रोग्रॅममध्ये उघडून पाहिली, मगच तिकडचं उडवलं. उघडून न बघता उडवू नका. माझा पहिला डाउनलोड अर्धवट होता.

धागाकर्ता: अपडेट. दहा एमबीच्या वरच्या एक्केचाळीस मेल निघाल्या. निम्म्या लग्नपत्रिका आणि सहलींचे व्हिडिओ! ०.७ जीबी सुटली. आकडा लगेच हलला नाही, बाबा वैतागले. सकाळी १४.५ दिसलं आणि माझी चाचणी पोचली. बॅकअप व्हिडिओविना नवीन घेतल्यावर तो ४.४ चा ०.६ झाला. पण बँकेची जुनी मेल काही आली नाही.

सर्व्हरवाला: येणारही नाही. ५५२ म्हणजे मेल परत गेली, विषय संपला. ४५२ असता तर पाठवणारा सर्व्हर काही काळ पुन्हा प्रयत्न करत राहिला असता. बँकेला पुन्हा पाठवायला सांगा. त्या काळात आणखी कोणाकोणाच्या मेल परत गेल्या असतील, ते आठवून त्यांनाही.

मोगरा: आणि पैसे भरून जागा घेतली, नंतर थांबवलं तर?

सर्व्हरवाला: पुन्हा १५ वर. त्याहून जास्त भरलेलं असेल तर मेल परत बंद.

धागाकर्ता: फोटो ८.९ तसेच आहेत. गुगल फोटोमध्ये जुने फोटो दाबून लहान करायची सोय दिसतेय, पण एकदा केलं की मूळ आकार परत मिळत नाही म्हणे. बाबांच्या त्या फोटोंत आजोबांच्या मोडीतल्या दस्तांचे स्कॅनही आहेत. कोणी बारीक अक्षरांचे फोटो असे दाबून मग वाचून बघितलेत का?