मदत हवी आहे: लोनची प्रोसेसिंग फी आणि शेअर इश्यूचा खर्च एनपीव्हीत नक्की कुठे धरायचा?

शून्यशिल्लक: मंडळी, एकाच प्रोजेक्टची तीन उत्तरं येतायत आणि त्यातलं एक चक्क उणे आहे. मशिनरी 100 लाखांची, पुढे पाच वर्षं दरवर्षी टॅक्स जाऊन 29 लाख हातात, शेवटी भंगाराचे शून्य धरलेत. पैसा 60 टक्के नवीन शेअर काढून, 40 टक्के लोन. शेअरवाल्यांचा 16 टक्के (डिव्हिडंड 10, वाढ 6), लोन 8 टक्क्यांनी, टॅक्स 25 टक्के, म्हणजे वॅक बरोबर 12 येतो. शेअर इश्यूचा खर्च 5 टक्के आणि लोनची फी 2 टक्के. आता हे खर्च सुरुवातीच्या गुंतवणुकीत टाकले तर एनपीव्ही 0.59 लाख, गुंतवणूक 100च ठेवून खर्च वॅकमध्ये घातले तर वॅक 12.47 होतो नि एनपीव्ही 3.33 लाख, आणि टीममधल्या एकाच्या शीटमध्ये दोन्हीकडे घातलेत तिथे उणे 0.62. कुठलं खरं?

अर्धविराम: एकही नाही. फायनान्सिंगचा खर्च प्रोजेक्टच्या कॅश फ्लोत आणायचाच नसतो, व्याज आणतो का आपण? नाही ना. मग फी पण नाही. 100 लाख गुंतवणूक, 12 टक्के, एनपीव्ही 4.54 लाख, विषय संपला.

मोजपट्टी: व्याजाचं बरोबर बोललात, फीचं नाही. व्याज कॅश फ्लोत घेत नाही कारण ते वॅकमध्ये आधीच बसलेलं असतं, पण ही फी त्या 12 टक्क्यांत कुठेच नाहीये. ती पहिल्याच दिवशी जाते, एकदाच जाते आणि प्रोजेक्ट केला नाही तर जात नाही, मग मशिनरीच्या बिलात आणि तिच्यात फरक काय राहिला?

शून्यशिल्लक, 0.59 धरा. तुम्ही नुसते 3.8 लाख मिळवले नाहीत ते चांगलं केलंत, बरेच जण तिथेच फसतात. 60 चे 5 टक्के 3 आणि 40 चे 2 टक्के 0.8, म्हणजे उभ्या केलेल्या दर शंभरातले 3.8 वाटेतच जातात, आणि 100 हातात पडायला हवेत तर जास्त उभे करावे लागतात:

```
100 / (1 - 0.038) = 103.95
```

म्हणजे खर्च 3.95 लाख. 12 टक्क्यांनी आवक 104.54 लाख, वजा जाता 0.59.

दोन्हीकडे घातलेली शीट बाद करा, तिथे तोच खर्च दोनदा मोजलाय आणि चांगला प्रोजेक्ट त्यापायी नाकारला जाईल.

शून्यशिल्लक: ते पटलं. पण वॅकवाली पद्धत पण शिकवतात की, मग 3.33 आणि 0.59 मध्ये एवढा फरक का? खर्च तर तोच आहे.

मोजपट्टी: 12.47 कसा आला बघा. डिव्हिडंडच्या 10 ला 0.95 ने भागलं, 10.53 झाले, वर 6 मिळवले, शेअरचा दर 16.53. या सूत्रात गृहीत असं आहे की डिव्हिडंड कायम चालू राहणार, म्हणजे इश्यूचा खर्चही अनंत वर्षांत थोडाथोडा वसूल होणार. तुमचा प्रोजेक्ट पाच वर्षांत आटोपतोय, पाच वर्षांत त्या खर्चाचा जेमतेम काही भागच वसूल झालेला दिसतो. रेट वाढवूनच 0.59 आणायचं म्हटलं तर वॅक साडेतेराच्याही थोडा वर न्यावा लागेल, करून बघा. प्रोजेक्ट जितका छोटा तितकी ही पद्धत जास्त फसवते, आणि उलट लांबच्या प्रोजेक्टला रेट कायमचा वाढलेला राहतो, एकदाच भरलेल्या फीसाठी, तेही विचित्रच.

वहीखाते: आमच्याकडे प्रोसेसिंग फी लोनच्या मुदतीत थोडी थोडी खर्ची टाकतो, ऑडिटरनेच सांगितलंय. मग पहिल्या दिवशी सगळी कशी धरायची? पाच भाग करा की.

मोजपट्टी: ते वहीतलं झालं, बँकेने पैसे पहिल्या दिवशीच कापून घेतले ना. पण तुमच्या मुद्द्यातून एक कामाची गोष्ट निघते. टॅक्समध्ये फी पाच भागांत वजा मिळत असेल तर तेवढी बचत दरवर्षीच्या आवकेत टाकायला हवी. इथे 103.95 च्या 40 टक्के लोनवर फी 0.83 लाख, तिचा पाचवा भाग 0.166, त्याचे 25 टक्के 0.0415 लाख वर्षाला, आजच्या किमतीत जेमतेम 0.15 लाख. शेअर इश्यूच्या खर्चाला टॅक्समध्ये वजावट मिळते की नाही हे जिथले तिथले नियम बघून ठरवा, सरसकट धरू नका.

अर्धविराम: बरं, फीचं मान्य. पण समजा तो 60 टक्के भाग नवीन शेअरऐवजी साठवलेल्या नफ्यातून आला तर? मग इश्यूचा खर्च शून्यच की.

मोजपट्टी: यावर दोन मतं आहेत. एक म्हणजे तुमचं, खर्च झालाच नाही तर धरायचा कशाला. दुसरं असं की हा नफा इथे वापरला तर पुढच्या प्रोजेक्टसाठी शेअर काढावे लागतील, म्हणून कंपनीच्या ठरलेल्या प्रमाणानेच सरासरी 3.8 टक्के सगळ्यांना लावायचे. मी दुसऱ्या बाजूचा, पण कंपनीकडे कॅश पडून असेल आणि पुढे काही रांगेत नसेल तर मलाही ते ओढूनताणून वाटतं.

शून्यशिल्लक: आमच्याकडे रांगेत अजून दोन प्रोजेक्ट आहेत, आणि नफ्यातला थोडा पैसा इकडे वळवायचं पण चाललंय. 0.59 वर जातोय, टॅक्सवालं 0.15 खाली वेगळ्या ओळीत दाखवतो.

वहीखाते: मग ते नफ्यातलं वळवलं तर 5 टक्के लावणार की नाही, ते सांगा की आधी.