दोन फोटो, पांढऱ्याला कुठला डाव बरा?

विश्रामबागकर: आमच्या सांगलीच्या कट्ट्यावरचे दोन डाव आहेत, फोटोत पटाच्या कडेची अक्षरं कापली गेलीत म्हणून पांढरा खाली धरून घरं लिहितो. फोटो १: पांढरा राजा जी-५, उंट डी-३, प्यादं एच-५, काळ्याचा नुसता राजा जी-८. फोटो २: पांढरा राजा ई-५, प्यादं ई-३, काळा राजा ई-७. पांढऱ्याला कुठला चांगला?

हळदवाला: ह्यात विचारण्यासारखं काय आहे राव, पहिल्यात अख्खा उंट जास्त आहे. पहिलाच.

घोडेस्वार: उंट असून काही उपयोग नाही, कारण प्यादं ज्या कोपऱ्याकडे निघालंय तो काळा आणि उंट पांढऱ्या घरांवरचा. प्यादं एच-६ ला ढकललंस की काळा एच-८ ला जाऊन बसणार, तू राजा जी-६ ला आणलास की तो जी-८ ला, मग एच-७ चा शह, तो परत कोपऱ्यात, आणि आता राजा एच-६ ला नेलास किंवा उंट हलवलास की स्टेलमेट, राजा मागं घेतलास तर तो जी-७ ला येऊन प्यादं अडवून धरतो. आधीच उंट सी-४ ला आणून जी-८ अडवलंस आणि मग राजा जी-६ ला आणलास तर कोपऱ्यातल्या राजाला घरच उरत नाही, म्हणजे स्टेलमेट आणखी लवकर. बरोबरीच आहे ही.

मिरज_जंक्शन: पण मग दुसरापण कुठं जिंकलाय? राजे समोरासमोर आहेत, चाल पांढऱ्याची असेल तर अपोझिशन काळ्याकडे. फोटोत चाल कुणाची ते दिसत नाही, म्हणजे फिफ्टी-फिफ्टी.

घोडेस्वार: प्यादं ई-४ ला असतं तर तुझं शंभर टक्के खरं होतं. पण ते ई-३ ला आहे, म्हणजे एक चाल शिल्लक आहे. चाल पांढऱ्याची असली तर नुसतं ई-४ कर, राजे तसेच राहतात आणि हलायची पाळी काळ्यावर येते. तो डी-७ ला गेला की तू एफ-६ ला घुस, झालं काम. चाल काळ्याची असेल तर तो आधीच अडकलाय.

कृष्णाकाठ: माझं पण नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धेत असंच झालेलं, माझा उंट बरोबर रंगाचा होता तरी घाईत हत्तीनं हत्ती मारला आणि समोरच्यानं उंट खाल्ला 😀

हळदवाला: त्याचा इथं काय संबंध?

मिरज_जंक्शन: बरं दुसरा मान्य. पण अक्षरंच नाहीत तर पांढरा खालीच बसला होता कशावरून? फोटो काळ्याच्या बाजूनं काढला असेल तर?

घोडेस्वार: चांगला मुद्दा काढलास. तसं असेल तर पहिल्यातलं प्यादं उलट्या दिशेला, पांढऱ्या कोपऱ्याकडे चाललंय आणि काळा राजा त्याच्या पाठीमागं राहिलाय, म्हणजे उंटवाला सरळ जिंकतो. दुसरा पट फिरवून बघितलास तर प्यादं वजीर व्हायला दोनच घरं उरतात आणि काळा राजा लांब, तोही जिंकलेलाच. म्हणून मी डोळे झाकून दुसरा घेईन. @विश्रामबागकर, पहिला फोटो कुणाच्या मागं उभं राहून काढलास?

विश्रामबागकर: मी नाही काढला, धाकट्यानं काढलाय. क्लासवरून आला की विचारतो.

हळदवाला: तोवर मी उंटच धरतो.